चव्वेचाळीस वर्षांचे भास्करराव

भास्करराव गेल्यापासून सायली दर शनिवारी पुण्याहून सिल्वासाला यायची आणि आल्या आल्या आईच्या चेहऱ्याकडे बघायची. पायातल्या चपलाही न काढता. "दम लागतो का गं तुला? जिना चढताना थांबलीस ना मघाशी?" शैलजाबाई म्हणायच्या, "अगं, हातात भाजीची पिशवी होती." पण लेकीच्या डोळ्यांतली भीती जायची नाही. त्या भीतीचं कारण शैलजाबाईंना ठाऊक होतं. एक वाक्य बोललं असतं तर भीती पार निघून गेली असती. तेच वाक्य त्या गिळून बसल्या होत्या, कारण त्याच्यामागून दुसरं वाक्य आपसूक येणार होतं, आणि ते दुसरं वाक्य ऐकून त्यांच्या पोरीने स्वतःला जन्मभर माफ केलं नसतं.

भास्कर तिरोडकर सरकारी नोकरीत लागून इकडे आले तेव्हा सिल्वासातल्या टोकरखाड्याला आता दिसतात तेवढ्या कॉलन्या नव्हत्या. मूळचे कुडाळकडचे. कचेरीत हिंदी, बाजारात गुजराती आणि राग आला की मालवणी. पाणीपुरवठ्याचं काम. कुठे नळ फुटला की रात्री-अपरात्री लोक थेट घरी यायचे आणि हे लुंगीवरच बाहेर पडायचे. शैलजाबाई मराठी शाळेत शिक्षिका. इतिहास आणि भाषा शिकवायच्या. नवराबायकोत भांडण व्हायचं ते माशावरून. वापीच्या बाजारातला पापलेट ताजा होता की नाही, यावर दोन दिवस अबोला धरणारी माणसं ती.

भास्कररावांच्या मनात एक काटा होता, तो मात्र त्यांनी कुणाला दाखवला नाही. त्यांचे वडील साठी गाठायच्या आत गेले. थोरले भाऊ तसेच गेले, अंगणात दात घासता घासता. पंचावन्न ओलांडल्यावर भास्करराव बोलेनासे झाले. गणपतीला गावी गेले की भिंतीवरच्या त्या दोन फोटोंकडे पाठ करून जेवायला बसत. रक्तदाब निघाला, गोळी सुरू झाली. ती ते रोज मुकाट्याने घ्यायचे, एखादी शिक्षा भोगावी तसे.

लग्नाला तीस वर्षं झाली त्या मे महिन्यात सायलीने पुण्याहून भेट पाठवली. एका कंपनीची तपासणी. "खरं वय जाणून घ्या," असं खोक्यावर छापलेलं. जवळच्या आमलीतल्या लॅबमधून मनीषा नावाची मुलगी रक्त न्यायला घरी आली. भास्करराव दंड पुढे करून म्हणाले, "जन्मदाखला आहे की कपाटात, तो नेलास तरी चालेल."

मनीषा हसली. "काका, हे पेशींचं वय. गुणसूत्रांची टोकं मोजतात म्हणे. आम्ही फक्त नळी भरून पाठवतो, पुढचं तिकडे."

"टोकं मोजतात! आमच्या कचेरीत पाइप मोजतात, तेही चुकीचे."

अहवाल आला तो वटपौर्णिमेच्या सुमाराला. मोबाइलवर रंगीत पानं, एक उतरती रेघ, रेघेच्या वर-खाली एकेक ठिपका. भास्करराव सत्तावन्न वर्षांचे, पेशींचं वय चव्वेचाळीस. शैलजाबाई त्रेपन्नच्या, त्यांचं एकाहत्तर.

भास्कररावांनी ते पान पुन्हा पुन्हा वाचलं. मग मान वर करून म्हणाले, "काय गो म्हातारे! सासूबाई म्हणू काय आता तुका?"

"म्हणा. पाया पडा रोज सकाळी."

"आणि लग्न लावून देशील का माझं दुसरं? चव्वेचाळीसच्या माणसाला स्थळं येतात."

त्या हसल्या. पण स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. एकाहत्तर. त्यांची आई बहात्तरची होऊन गेली होती. म्हणजे आपल्याकडे उरलं किती? आधी भीती वाटली, आणि मग, हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही, एक प्रकारची शांतता आली. आपण आधी जाणार. कुंकू लावलेलं असताना. यांच्यामागे राहायची वेळ येणार नाही. शिकलेल्या बाईने असं मनात आणू नये, हे त्यांना कळत होतं. मुलांना त्या सावित्रीबाई शिकवायच्या. तरी त्या वर्षी वडाला सूत गुंडाळताना त्यांना वाटलं, मागणं ऐकलं गेलंय, आता नुसते आभार मानायचे.

मग त्यांनी नवऱ्याला एकटं राहायला शिकवायला घेतलं. कुकरला पाणी किती, डाळीत हिंग कधी, धोब्याचे कपडे कुठल्या कप्प्यात. भास्करराव उत्साहाने शिकले. त्यांची सोलकढी फाटायची, भात लगदा व्हायचा, आणि ते "चव्वेचाळीसच्या पोराकडून अजून काय अपेक्षा करतेस?" म्हणत ताट पुढे सरकवायचे. माणूस बदलला होता. संध्याकाळी दमणगंगेच्या काठाने लांबवर चालत जायचा. कचेरीत अहवाल दाखवून झाला होता. गणपतीला गावी गेल्यावर वडिलांच्या आणि भावाच्या फोटोसमोर उभं राहून त्यांनी स्वतः हार घातले. शैलजाबाईंनी ते दारातून बघितलं, आणि तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना कळलं, की हा माणूस आजवर कशाला भीत होता.

दिवाळीच्या आधी त्यांना फार थकवा वाटू लागला. एकाहत्तरचा आकडा डोक्यात होताच. त्या रक्त तपासायला आमलीच्या लॅबमध्ये गेल्या. तिथली डॉक्टर पूजा गावित त्यांचीच विद्यार्थिनी. नवापूरकडून कारखान्यात कामाला आलेल्या माणसाची मुलगी, शाळेत पहिल्या बाकावर बसायची. शैलजाबाईंनी तिला मोबाइलवरचा अहवाल दाखवला आणि म्हणाल्या, "पूजा, मला स्पष्ट सांग. किती दिवस आहेत?"

पूजाने पान बघितलं आणि कपाळावर हात मारला. "बाई, तुम्हीपण? हे घेऊन तुम्ही मरायला बसलात?"

"त्यात लिहिलंय ना एकाहत्तर."

"लिहिणारे काय, लिहितात." तिने जवळचं एक रिकामं पाकीट उलटं केलं, त्यावर पेन्सिलीने एक उतरती रेघ ओढली. "तुम्ही ब्लाउज शिवायला टाकता, तेव्हा टेलर शिवणीत आत जास्तीचं कापड ठेवतो ना? माया म्हणतात ती. गुणसूत्रांच्या टोकाला तशी माया असते. पेशी दर वेळी दुभंगते तेव्हा ती थोडी थोडी कमी होते. म्हणून हजारो माणसं मोजली, तर वय वाढतं तशी सरासरी उतरताना दिसते. इथपर्यंत खरं आहे. ही ती रेघ."

"मग?"

"मग माणसं कुठायत बघा." ती पाकिटावर ठिपके काढत सुटली, रेघेच्या वर, खाली, लांब लांब, इतके की रेघ दिसेनाशी झाली. "ही सगळी तुमच्या वयाची, काकांच्या वयाची. जन्मतानाच कुणाला माया दोन बोटं मिळते, कुणाला चार. ती बरीचशी आईबापांकडून येते. बाप मोठ्या वयाचा असला तर मुलाची सरासरीने जरा लांब असते. बायकांची पुरुषांपेक्षा जरा लांब असते. वर्षाला जेवढी झिजते ती इतकीशी, आणि एकाच वयाच्या दोन माणसांतला फरक इतका मोठा, की वीस-तीस वर्षांची झीज त्यात सहज बुडून जाते. कंपनीने काय केलं? माणसं पुसून टाकली आणि रेघ ठेवली. तुमचा ठिपका रेघेच्या खाली, म्हणून आडवं सरकत गेले, रेघ लागली ती एकाहत्तरला. झालं तुमचं वय."

शैलजाबाई त्या ठिपक्यांकडे बघत राहिल्या. "म्हणजे मी जन्मालाच आखूड घेऊन आले असेन?"

"असेल. किंवा मोजणीतच घोळ असेल. तुमची तीच नळी पुन्हा मोजली तर दहा वर्षं इकडची तिकडे होऊ शकतात. आणि मोजतात कशातलं? रक्तातल्या पांढऱ्या पेशींतलं. ताप येऊन गेला की तिथली सरमिसळ बदलते. हृदयाचं, मेंदूच्या नसांचं त्यातून काय कळणार? काही आजार आहेत, अगदी विरळा, घराण्यात येणारे, ज्यात हाडांतला मगज रक्त बनवेनासा होतो. तिथे डॉक्टर ही लांबी मोजतात, पण वेगळ्या पद्धतीने, आणि शंभरात एखाद्याइतकी आखूड आहे का, तेवढंच बघतात. आपल्यासारख्यांना हा आकडा काही सांगत नाही. लांब म्हणजे चांगलीच असंही नाही. काही कॅन्सर लांबवाल्यांत जास्त दिसतात. तुमचं हिमोग्लोबिन कमी आहे, बाई. पालेभाजी खा, लोहाची गोळी देते. आणि काका बरे आहेत ना? बीपीची गोळी घेतात ना?"

"घेतात की," शैलजाबाई म्हणाल्या.

घरी येताना रिक्षात त्यांना हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही. घरात शिरताच त्यांनी सगळं नवऱ्याला सांगितलं. भास्करराव खूश झाले. "बघ! मी म्हणत होतो, माझी बायको एवढी म्हातारी नाही."

"अहो, पण तुमचाही तसाच," त्या बोलून गेल्या. "मोजपट्टी एकच ना. माझा आकडा फुकट, तर तुमचाही फुकट."

भास्कररावांचा चेहरा उतरला. "तुझा चुकला असेल. माझा बरोबर आहे. मला अंगात जाणवतं."

"जाणवतं ते चालायला लागलात म्हणून."

"शैलजा, तुला माझं एवढंही बघवत नाही?" आवाज चढला होता. "चार महिने झाले, मी गोळीसुद्धा बंद केलीय. झालं काही? बाबांना नव्हता हा आकडा. दादाला नव्हता. मला आहे."

गोळी बंद केल्याचं त्यांना तेव्हा कळलं. डब्यातली रिकामी पाकिटं रोज त्यांना दिसायची. भास्करराव एकेक गोळी काढून बेसिनमध्ये टाकत होते. त्या रडल्या, ओरडल्या, डॉक्टरकडे चला म्हणून हात धरून ओढलं. शेवटी भास्करराव नरमले. "जाऊ. दिवाळी होऊ दे. सायली येतेय, तिच्यासमोर हे काढू नकोस. तिने किती हौसेने पाठवलं ते." दिवाळी झाली. मग कचेरीत वरचे साहेब यायचे होते. मग पाण्याची मोठी वाहिनी फुटली. शैलजाबाईंनी रोज आठवण केली, पण रोज थोड्या हळू आवाजात. कारण आठवण केली की त्या माणसाचा चेहरा अहवालाच्या आधीसारखा व्हायचा, आणि तो चेहरा त्यांनी वर्षानुवर्षं बघितला होता.

थंडीत एका सकाळी न्हाणीघरात बादली पडल्याचा आवाज आला. मेंदूत रक्तस्राव. इस्पितळातल्या डॉक्टरांनी रक्तदाबाचा आकडा सांगितला आणि विचारलं, "गोळ्या चालू होत्या?" सायली तेव्हा पुण्याहून निघून वाटेत होती. शैलजाबाई म्हणाल्या, "नव्हत्या." एवढंच. ती पोचली तेव्हा बाप होता, पण बोलत नव्हता. दुसऱ्या दिवशी तोही नव्हता.

सगळं दिवसकार्य झाल्यावर सायली आईजवळ बसून म्हणाली, "आई, मी बाबांना दिलेली शेवटची चांगली गोष्ट तीच गं. तो रिपोर्ट. किती खूश होते ते. फोनवर दर वेळी म्हणायचे, तुझा तरुण बाप बोलतोय." आणि मग रडत, "पण तुझं एकाहत्तर. मी तुला इथे एकटी नाही ठेवणार."

शैलजाबाईंनी तिच्या केसांवरून हात फिरवला. आपला आकडा खोटा आहे म्हणायचं, तर ती विचारणार, मग बाबांचा? आणि बाबांचाही खोटा म्हटलं, की गोळ्यांपर्यंत पोचायला तिला वेळ लागला नसता. हुशार मुलगी. आपण एकाहत्तरच्या म्हणून जगू, त्यांनी ठरवलं. पुण्याला जाऊ, शाळा सोडू. पोरीकडे एवढी एक चांगली गोष्ट आहे, ती राहू दे.

फेब्रुवारीत एका शनिवारी पूजा भेटायला आली. सायली घरीच होती. पाण्याचा पेला पुढे करत तिने सरळ विचारलं, "पूजाताई, तू डॉक्टर आहेस. आईचं पेशींचं वय एकाहत्तर आलंय. काय काळजी घ्यायची?"

पूजाने शैलजाबाईंकडे बघितलं. शैलजाबाईंनी नकारार्थी मान किंचित हलवली. पूजाने पेला खाली ठेवला. "बाईंचं हिमोग्लोबिन वाढलंय," ती म्हणाली. "मी ते बघते. मी आकड्यांमागे जात नाही, सायली."

शैलजाबाई तिला फाटकापर्यंत सोडायला गेल्या. पूजा हळू आवाजात म्हणाली, "बाई, मला खोटं बोलता येत नाही, आज कसंबसं टाळलं. पण तिला सांगा."

"काय सांगू? तुझ्या भेटीने बाप गेला म्हणून?"

"भेटीने नाही, बीपीने गेले. तिचे आजोबा, तिचे मोठे काका, आता बाबा. ती तिसरी पिढी आहे. तिचं बीपी कधी बघितलंय?"

शैलजाबाई वर आल्या तेव्हा सायली वांगी चिरत होती. त्या म्हणाल्या, "सायले, पूजा म्हणत होती, तुझंही बीपी एकदा बघून घेऊ. आपल्या घरात आहे ते."

"मला कशाला?" सायली म्हणाली, आणि कितीतरी आठवड्यांनी पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर हसू आलं. "तुला सांगायचंच राहिलं. ऑफिसच्या तपासणीत थोडं जास्त निघालं होतं, परत दाखवा म्हणाले. पण मी तुमच्याबरोबर माझीही ती टेस्ट केली होती ना. अठ्ठाविसाव्या वर्षी एकवीस आलंय. मी बाबांवर गेलेय, आई."

शैलजाबाई तिथेच खुर्चीत बसल्या. सायली विळी सोडून उठली. "काय होतंय? दम लागतोय?"

"बस," त्या म्हणाल्या. "इथे बस. माझं वय त्रेपन्नच आहे. तुझं अठ्ठावीस. आणि तुझे बाबा सत्तावन्नचे होते."

मग त्यांनी सांगितलं. रेघ आणि ठिपके, जन्माची माया, पुन्हा मोजलं की बदलणारा आकडा. सायली ऐकत होती, तोंड हळूहळू उघडत गेलं, आणि शैलजाबाईंना जो प्रश्न येणार म्हणून दोन महिने झोप नव्हती, तो आला.

"बाबा गोळ्या घेत होते ना?"

खोटं बोलण्याची तीच शेवटची जागा होती. शैलजाबाई म्हणाल्या, "नाही."

"कधीपासून?"

"रिपोर्ट आल्यापासून."

"तुला माहीत होतं?"

"दिवाळीच्या आधी कळलं. सायली, त्यांनी बंद केल्या. तू नाही, मी नाही. त्यांना घराण्याच्या मरणाची भीती होती, आणि त्या कागदाने ती..."

"मी दिला तो कागद." ती उठली. हाताला वांग्याचा काळा डाग होता, तोच तिने चेहऱ्यावरून फिरवला. "आणि मी तुझ्याजवळ बसून रडले, तेव्हा तुला माहीत होतं. मी म्हणत होते शेवटची चांगली गोष्ट, आणि तू माझ्या केसांतून हात फिरवत होतीस."

"तुला ते सोसलं नसतं म्हणून."

"आता सोसतंय?"

गॅसवरचं तेल तापून धूर निघाला तेव्हा शैलजाबाईंनी उठून तो बंद केला. मग त्यांनी लेकीचा हात धरला. सायलीने तो सोडवून घेतला नाही, पण धरलाही नाही. तशाच दोघी रिक्षाने आमलीला गेल्या. पूजाने सायलीला आधी शांत बसवलं, पाणी दिलं, मग दंडाला पट्टा बांधला. सायली भिंतीकडे बघत होती. पूजा पुन्हा एकदा मोजून म्हणाली, "आहे थोडं जास्त. पण तू आत्ता रडून आलीस, यावरून काही ठरवायचं नाही. घरी यंत्र घे, सकाळ-संध्याकाळ मोज, लिहून ठेव आणि तिकडच्या डॉक्टरांना दाखव. हा आकडा खरा असतो, सायली. याच्यावर काही करताही येतं."

त्याच रात्रीच्या गाडीने ती गेली. वापी स्टेशनवर शैलजाबाईंनी डबा पुढे केला, तो तिने घेतला. "उतरलीस की फोन कर" म्हटलं, त्यावर मान हलवली. फोन आला नाही. पुढच्या शनिवारी ती आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. पुण्याला राहायला ये, असंही आता कुणी म्हणत नव्हतं. शाळेत दिलेला राजीनाम्याचा अर्ज शैलजाबाईंनी परत मागून घेतला. मुख्याध्यापक म्हणाले, बरं झालं बाई.

एका सकाळी कुकर लावताना मोबाइल वाजला. सायलीचा निरोप होता. नमस्कार नाही, आई नाही, कशी आहेस नाही. नुसते दोन आकडे, वरचा आणि खालचा, मधे तिरकी रेघ. संध्याकाळी पुन्हा दोन. दुसऱ्या दिवशी पुन्हा. शैलजाबाई चष्मा लावून ते आकडे वाचतात, कालच्यापेक्षा वरचा उतरला का ते बघतात. मग उत्तर लिहायला घेतात. खूप काही लिहून पुसतात, आणि शेवटी तेवढंच पाठवतात: जेवलीस का?

निरोप पोचल्याची खूण उमटते. वाचल्याचीही उमटते. त्या मोबाइल ओट्यावर उताणा ठेवून भाजीला लागतात.